रिफंडची वाट पाहावी की चार्जबॅक मागावा? पुण्यातील कार्डधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑर्डर रद्द झाली आहे, विक्रेत्याने रिफंड देण्याचे लेखी कबूल केले आहे आणि तरीही पैसे आलेले नाहीत, अशा परिस्थितीपुरतीच ही प्रश्नोत्तरे मर्यादित आहेत. कार्ड चोरीला जाणे किंवा फसवणुकीने पैसे काढले जाणे यांचे नियम वेगळे आहेत. त्यांचा उल्लेख येथे केवळ गोंधळ टाळण्यासाठी येतो.

रिफंड आणि चार्जबॅक यांत नेमका फरक काय?

रिफंड विक्रेता स्वतः देतो. आपण पैसे भरले तो व्यवहार त्यामुळे उलटा फिरत नाही, तर विक्रेत्याच्या बाजूने आपल्या कार्डाकडे एक नवा व्यवहार निघतो. तो विक्रेत्याच्या पेमेंट गेटवेतून त्याच्या बँकेकडे, तेथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे या जाळ्यातून आपल्या बँकेकडे येतो. चार्जबॅकमध्ये मात्र सुरुवात आपली बँक करते. आपल्या तक्रारीवरून ती कार्डाच्या जाळ्यामार्फत विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम मागे घेते आणि ती बँक तेवढी रक्कम विक्रेत्याकडून वसूल करते. विक्रेत्याची संमती आधी घ्यावी लागत नाही. त्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळते, पण ती रक्कम मागितली गेल्यानंतर.

या फरकाचा एक व्यावहारिक परिणाम असा, की विक्रेत्याकडे पैसेच उरले नसतील तर रिफंड अडकतो, चार्जबॅक मात्र सहसा अडकत नाही. बहुतेक गेटवे रिफंडची रक्कम विक्रेत्याच्या पुढील विक्रीतून किंवा गेटवेकडे जमा असलेल्या शिलकीतून वळती करतात. विक्री थंडावलेल्या दुकानाने रिफंडचे बटण दाबले तरी शिल्लक नसल्याने तो रिफंड तसाच पडून राहू शकतो. चार्जबॅकच्या वेळी विक्रेता रक्कम भरू शकला नाही, तर जबाबदारी त्याच्या बँकेवर येते. विक्रेत्याला कार्ड स्वीकारण्याची सोय देताना त्या बँकेने हीच जोखीम पत्करलेली असते.

विक्रेता म्हणतो, “रिफंड केला आहे, बँकेकडे चौकशी करा.” बँक म्हणते, “आमच्याकडे काही आलेले नाही.” खरे कोणाचे?

हे ठरवण्याचा एक साधा मार्ग आहे आणि तो विचारण्याचे बहुतेकांना सुचत नाही. विक्रेत्याकडे रिफंडचा एआरएन मागावा. हा तेवीस अंकी संदर्भ क्रमांक असतो. विक्रेत्याची बँक रिफंडचा व्यवहार कार्डाच्या जाळ्यात पाठवते तेव्हा तो तयार होतो. हा क्रमांक घेऊन आपण आपल्या बँकेकडे गेलो, तर त्या रकमेचा माग काढता येतो.

एआरएन मिळाला, तर रिफंड खरोखर निघालेला आहे असे मानावे आणि काही दिवस थांबावे. तो जमा होण्यास साधारणपणे पाच ते सात कामकाजाचे दिवस लागतात. क्रमांक मागूनही तो मिळत नसेल आणि केवळ “रिफंड इनिशिएटेड” असे लिहिलेला स्क्रीनशॉट पुढे केला जात असेल, तर विक्रेत्याने आपल्या संगणकात नोंद केली आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. ती नोंद बँकेपर्यंत पोहोचली आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. रिफंड मागितल्यानंतर लगेच एआरएन मिळणार नाही, हेही ध्यानात ठेवावे. तो तयार होण्यास एक-दोन कामकाजाचे दिवस जातात. पण आठवडा उलटूनही क्रमांक नसेल, तर रिफंड निघालेलाच नाही असे गृहीत धरून पुढचे पाऊल ठरवणे शहाणपणाचे ठरते.

किती दिवस थांबावे? चार्जबॅक केव्हा मागता येतो?

येथे दोन मर्यादा सांभाळाव्या लागतात. एक खालची, म्हणजे तिच्या आधी मागता येत नाही, आणि एक वरची, म्हणजे तिच्यानंतर मागता येत नाही.

“कबूल केलेला रिफंड आलेला नाही” या कारणासाठी व्हिसाच्या नियमांत 13.6 असा स्वतंत्र क्रमांक आहे. या कारणाखाली, विक्रेत्याने रिफंड मान्य केल्याच्या कागदावरील तारखेपासून किंवा माल परत केल्याच्या तारखेपासून, सर्वसाधारणपणे 15 दिवस थांबावे लागते. विक्रेत्याला रिफंड पाठवण्यास पुरेसा अवधी मिळावा, हा त्यामागचा हेतू आहे. वरची मर्यादा 120 दिवसांची असते. मास्टरकार्डमध्ये कारणांची रचना वेगळी असली तरी या प्रकारासाठी 120 दिवसांचाच हिशेब चालतो. रुपेचे नियम नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचे असून त्यांच्या मुदती वेगळ्या आहेत. त्यामुळे रुपे कार्ड असल्यास मुदत बँकेकडून लेखी विचारून घ्यावी.

खरी अडचण या 120 दिवसांत नसून ते कोठून मोजायचे यात आहे. रिफंड कबूल केल्याच्या तारखेपासून मोजले तर अधिक अवधी मिळतो, व्यवहाराच्या तारखेपासून मोजले तर कमी. नियमाप्रमाणे पहिली तारीख धरता येत असली तरी बँकेच्या दूरध्वनीवर बसलेला कर्मचारी पुष्कळदा व्यवहाराचीच तारीख पाहतो. शिवाय काही बँकांच्या स्वतःच्या अटींमध्ये विवरणपत्राच्या तारखेपासून 30 किंवा 60 दिवसांत तक्रार करावी, असे कलम असते. म्हणून माझा सल्ला असा, की वरची मर्यादा नेहमी व्यवहाराच्या तारखेपासूनच मोजावी, आणि खालची मर्यादा व विक्रेत्याने दिलेली मुदत संपताच, फार तर त्यानंतर दोन-तीन दिवसांत, अर्ज करून टाकावा.

“साहेब, आणखी पंधरा दिवस द्या” असे विक्रेता प्रत्येक वेळी सौजन्याने म्हणत असतो आणि तिकडे 120 दिवसांचे घड्याळ चालूच असते. विक्रेत्याशी झालेल्या ईमेलच्या देवाणघेवाणीने हे घड्याळ थांबत नाही, ग्राहक मदतवाहिनीवर केलेल्या तक्रारीनेही थांबत नाही. थांबवणारी गोष्ट एकच: आपण नोंदवलेल्या डिस्प्यूटवरून, म्हणजे हरकतीवरून, आपल्या बँकेने कार्डाच्या जाळ्यात पुढे पाठवलेला चार्जबॅक.

एखाद्या उदाहरणाने हे समजावून सांगता येईल का?

पुढील उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील टप्पे नेहमीचे आहेत.

कोथरूडमधील एका गृहस्थांनी 6 जून रोजी एका ऑनलाइन फर्निचर विक्रेत्याकडे 38,400 रुपयांचा सोफा व्हिसा क्रेडिट कार्डावर मागवला. तो 25 जूनपर्यंत घरी पोहोचेल असे ऑर्डरच्या पावतीवर लिहिले होते. सोफा आला नाही. 2 जुलैला त्यांनी ऑर्डर रद्द केली. 3 जुलैला विक्रेत्याचा ईमेल आला, की ऑर्डर रद्द झाली असून 7 ते 10 कामकाजाच्या दिवसांत पूर्ण रक्कम मूळ कार्डावर जमा होईल.

हा ईमेल येईपर्यंत त्यांची तक्रार “माल मिळाला नाही” अशी होती, आणि तिच्यात विक्रेत्याला “माल वाटेत आहे”, “ग्राहक घरी नव्हते” असे म्हणण्यास जागा होती. ईमेल आल्यावर तक्रार “कबूल केलेला रिफंड दिला नाही” अशी झाली. आता वाद सोफ्याचा राहिला नाही. पैसे आले की नाहीत एवढाच प्रश्न उरला आणि त्याचे उत्तर कार्डाच्या विवरणपत्रात असते. म्हणूनच चार्जबॅककडे धाव घेण्याआधी विक्रेत्याकडून रिफंडची लेखी कबुली मिळवणे हिताचे ठरते. तोंडी आश्वासन असेल, तर “आपण दूरध्वनीवर सांगितल्याप्रमाणे अमुक रक्कम अमुक दिवसांत परत मिळेल असे मी समजतो” असा ईमेल स्वतः पाठवावा आणि त्यावर त्यांचे उत्तर घ्यावे.

पुढे 17 जुलैला त्यांनी विक्रेत्याकडे एआरएन मागितला. “रिफंड प्रक्रियेत आहे” असे उत्तर आले, क्रमांक आला नाही. 3 जुलैपासूनचे 15 दिवस 18 जुलैला पूर्ण झाले. वरची मर्यादा 3 जुलैपासून मोजली तर 31 ऑक्टोबर येते, 6 जूनपासून मोजली तर 4 ऑक्टोबर. त्यांनी 4 ऑक्टोबर धरली, पण तिची वाट न पाहता 20 जुलैला बँकेच्या ॲपमधून डिस्प्यूट नोंदवला. सोबत ऑर्डरची पावती, रद्द झाल्याचा 3 जुलैचा ईमेल, एआरएन मागितल्याचा ईमेल व त्याचे उत्तर, आणि रक्कम जमा झालेली नाही हे दाखवणारे जुलैचे विवरणपत्र जोडले.

ऑगस्टच्या मध्यास विक्रेत्याने उत्तर दिले. त्यात “रिफंड प्रोसेस्ड” असे लिहिलेला त्याच्या संगणकाचा स्क्रीनशॉट होता. बँकेने तो गृहस्थांकडे पाठवून चार दिवसांत म्हणणे मागितले. येथे पुष्कळ जण चुकतात. बँकेचा ईमेल जाहिरातींच्या गर्दीत हरवतो, उत्तर जात नाही आणि प्रकरण विक्रेत्याच्या बाजूने बंद होते. या गृहस्थांनी त्याच दिवशी तीन वाक्यांचे उत्तर दिले: स्क्रीनशॉटवर एआरएन नाही, आजपर्यंतच्या विवरणपत्रात कोणतीही जमा नाही, आणि विवरणपत्र सोबत जोडले आहे. असे प्रकरण कार्डधारकाच्या बाजूने सुटण्याची शक्यता बरीच असते, कारण विक्रेत्याचा पुरावा तपासता येत नाही आणि ग्राहकाचा येतो.

डिस्प्यूटच्या अर्जात कोणते कारण निवडावे?

जे खरोखर घडले तेच. हे सांगण्याची गरज पडते, कारण ॲपमध्ये “हा व्यवहार मी केलेला नाही” हा पर्याय सर्वात वर असतो आणि घाईत तोच निवडला जातो. तो फसवणुकीचा पर्याय आहे. तो निवडताच बँक कार्ड बंद करते, नवे कार्ड पाठवते आणि तपास भलत्याच दिशेने सुरू होतो. भारतात ऑनलाइन खरेदी बहुधा ओटीपीने होते, आणि ओटीपीने पडताळलेल्या व्यवहारात फसवणुकीच्या कारणाखालील चार्जबॅक सहसा टिकत नाही. शिवाय आपणच केलेला व्यवहार आपला नाही असे सांगणे म्हणजे खोटी तक्रार होय. खरी तक्रार मग कितीही सबळ असली तरी तिचा विश्वास जातो.

याच्याच उलट बाजूचा एक गैरसमज बँकेच्या कर्मचाऱ्यांकडूनही ऐकायला मिळतो: “तुम्ही ओटीपी दिला होता, त्यामुळे आता काही करता येणार नाही.” व्यवहार कोणी केला असा वाद असेल, तर या म्हणण्यात तथ्य आहे. पण व्यवहार मीच केला, मात्र माल मिळाला नाही किंवा कबूल केलेला रिफंड आला नाही, या तक्रारीशी ओटीपीचा काहीही संबंध नाही. असे उत्तर मिळाल्यास “माझी तक्रार फसवणुकीची नसून रिफंड न मिळाल्याची आहे, कृपया त्या कारणाखाली नोंदवावी” असे लेखी कळवावे आणि तक्रार क्रमांक मागावा.

रिफंडची वाट न पाहता थेट चार्जबॅक मागणे केव्हा योग्य?

विक्रेत्याचे दुकान बंद पडले असेल, दूरध्वनी लागत नसेल, संकेतस्थळ नाहीसे झाले असेल किंवा कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल, तर थांबण्यात अर्थ नसतो. गो फर्स्ट या विमान कंपनीने 2 मे 2023 रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून तिची उड्डाणे थांबली. 10 मे रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला व कंपनीविरुद्धच्या वसुलीवर स्थगिती आली. अशा वेळी कंपनीकडे रिफंड मागणारा प्रवासी देणेकऱ्यांच्या लांब रांगेत शेवटाकडे उभा राहतो. कार्डाने तिकीट काढलेल्या प्रवाशाला मात्र “सेवा मिळाली नाही” या कारणाखाली बँकेकडे जाण्याचा मार्ग असतो, कारण तेथे मागणी विक्रेत्याच्या बँकेकडे होते.

दुसरा प्रसंग आगाऊ भरलेल्या सेवांचा. बाणेरमधील एखाद्या जिमने वर्षाची फी दुकानातील मशिनवर कार्डाने घेतली आणि चार महिन्यांनी टाळे लावले, तर उरलेल्या आठ महिन्यांच्या रकमेसाठी चार्जबॅक मागता येतो. चार्जबॅक केवळ ऑनलाइन खरेदीसाठी असतो असे मानण्याचे कारण नाही. व्हिसाच्या नियमांत अशा वेळी 120 दिवस सेवा थांबल्याच्या तारखेपासून मोजता येतात, मात्र मूळ व्यवहारापासून 540 दिवसांची कमाल मर्यादा राहते. रक्कम मागताना वापरलेल्या महिन्यांची फी वजा करूनच मागावी. वर्षाची पूर्ण फी मागितली, तर चार महिन्यांची हजेरी दाखवून मालकाला तक्रार खोडून काढण्याची आयती संधी मिळते.

आणि चार्जबॅक केव्हा मागू नये?

एआरएन मिळालेला असेल आणि आठवडा उलटला नसेल, तेव्हा मागू नये. दोन्ही रकमा जमा झाल्या तर विक्रेता रिफंडचा पुरावा देऊन एक रक्कम परत मिळवतो, आणि मधल्या काळात आपले त्याच्याकडील खातेही बंद होऊ शकते.

खरेदी करतानाच “रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत” ही अट स्पष्ट दाखवली गेली असेल, आपण ती मान्य केली असेल आणि नंतर केवळ मन बदलले असेल, तर चार्जबॅक टिकणे अवघड असते. तसेच रोख रकमेऐवजी विक्रेत्याने दिलेले कूपन किंवा वॉलेटमधील शिल्लक आपण स्वीकारली असेल, तर रिफंड झाला असेच धरले जाण्याचा धोका असतो. कूपन परस्पर खात्यात टाकले गेले असेल, तर ते वापरण्याआधीच “मला मूळ कार्डावरच रक्कम हवी आहे” असे लेखी कळवावे.

खात्यातून पैसे गेले, पण ऑर्डरच झाली नाही. येथेही चार्जबॅकच का?

नाही. हा फसलेला व्यवहार आहे. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार कार्डाने केलेल्या ऑनलाइन खरेदीत खात्यातून रक्कम गेली, पण विक्रेत्याकडे पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यावी लागते. त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई देय होते आणि ती ग्राहकाने न मागताही मिळायला हवी. ऑर्डर यशस्वी होऊन नंतर रद्द झाली असेल, तर मात्र ही भरपाई लागू होत नाही. या दोहोंची गल्लत करून दिवसाला 100 रुपयांची मागणी करणारी पत्रे बँका नाकारतात, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरही असते.

डिस्प्यूट चालू असताना क्रेडिट कार्डाचे बिल भरावे का?

भरावे, असेच माझे स्पष्ट मत आहे. काही बँका डिस्प्यूट नोंदवल्यावर तेवढी रक्कम तात्पुरती जमा करतात, काही करत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत, फसवणूक म्हणून नोंदवलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत शुल्क लावू नये, अशी तरतूद आहे. पण आपली तक्रार रिफंडची आहे, फसवणुकीची नाही, त्यामुळे तिचा आधार गृहीत धरता येत नाही. रक्कम तात्पुरती जमा झाली नसेल आणि आपण ती न भरता सोडली, तर तिच्यावर व्याज चढते. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ बाकी राहिल्यास ती थकबाकी म्हणून पतमाहिती कंपन्यांना कळवली जाऊ शकते. वरील उदाहरणातील गृहस्थांनी 38,400 रुपये धरून संपूर्ण बिल भरले होते. नंतर रक्कम परत येते तेव्हा ती पुढील बिलात वळती होते.

तात्पुरती जमा झालेली रक्कम आपलीच झाली असे मानून खर्च करणेही टाळावे. निकाल विरुद्ध गेल्यास बँक ती परत घेते.

खरेदी हप्त्यांवर केली होती. मग?

रिफंडची किंवा चार्जबॅकची रक्कम कार्डावर जमा झाली म्हणजे हप्ते आपोआप थांबले असे होत नाही. मूळ खरेदीचे कर्जात रूपांतर झालेले असते आणि ते रद्द करण्याची सूचना बँकेला स्वतंत्रपणे द्यावी लागू शकते. तोवर कापल्या गेलेल्या हप्त्यांतील व्याज, त्यावरील जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क परत मिळेलच असे नाही. “नो कॉस्ट” म्हणून घेतलेल्या हप्त्यांतही विक्रेत्याने व्याजाइतकी सूट किमतीतच दिलेली असते, त्यामुळे त्याच्याकडून परत येणारी रक्कम आपण मोजलेल्या एकूण रकमेहून थोडी कमी दिसू शकते.

विक्रेता म्हणतो, “आधी चार्जबॅक मागे घ्या, मग रिफंड देतो.” घ्यावा का?

पैसे जमा होण्याआधी घेऊ नये. एकदा मागे घेतलेला डिस्प्यूट त्याच कारणासाठी पुन्हा उघडणे सहसा शक्य होत नाही, आणि हे विक्रेत्यांना चांगले ठाऊक असते.

अर्थात प्रत्येक विक्रेता लबाडीनेच असे म्हणतो असे नाही. चार्जबॅक चालू असलेल्या व्यवहारावर वेगळा रिफंड देणे काही गेटवे खरोखरच रोखून धरतात, कारण तसे झाले तर विक्रेत्याचे दुहेरी नुकसान होईल. पण त्या स्थितीत त्याच्यासमोर दुसरा सोपा मार्ग असतो. गेटवेच्या खात्यात त्याने तो डिस्प्यूट मान्य करायचा, म्हणजे विरोध नोंदवायचा नाही. तसे केले की रक्कम चार्जबॅकच्याच वाटेने आपल्याला मिळते आणि त्याला वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणून उत्तर असे द्यावे: “आपल्याला रक्कम द्यायचीच असेल, तर कृपया चार्जबॅक मान्य करावा.” ज्याला खरोखर पैसे द्यायचे आहेत त्याला यात काहीच अडचण नसते, आणि ज्याला द्यायचे नाहीत तो येथे उघडा पडतो.

डिस्प्यूट चालू असताना विक्रेत्याचा रिफंड जमा झालाच, तर त्याच दिवशी बँकेला कळवावे.

निकालाला किती वेळ लागतो, आणि विरुद्ध गेल्यास पुढे काय?

विक्रेत्याच्या बाजूला उत्तर देण्यासाठी व्हिसामध्ये साधारण 30 दिवस, तर मास्टरकार्डमध्ये 45 दिवस मिळतात. उत्तर आलेच नाही, तर प्रकरण तेथेच आपल्या बाजूने संपते. उत्तर आले आणि आपण ते खोडून काढले, तर आणखी एक फेरी होते, म्हणजे दोन ते तीन महिने सहज जातात. त्यानंतरही वाद मिटला नाही, तर तो कार्डाच्या जाळ्याकडे लवादासाठी नेता येतो. पण तेथे हरणाऱ्या बँकेला शेकडो डॉलरचे शुल्क पडते, त्यामुळे काही हजार रुपयांच्या प्रकरणात आपली बँक तेथवर जाण्यास राजी होईल अशी अपेक्षा धरू नये. पहिल्या अर्जासोबतच सर्व कागद जोडण्याचा आग्रह त्यासाठीच आहे.

पैसे यूपीआयने दिले होते. त्यालाही चार्जबॅक असतो का?

दुकानदाराला केलेल्या यूपीआय व्यवहारासाठी तक्रारीची सोय आहे. ज्या ॲपमधून पैसे दिले त्याच ॲपमध्ये तो व्यवहार उघडून तक्रार नोंदवावी, बारा अंकी संदर्भ क्रमांक जपून ठेवावा आणि आपल्या बँकेलाही लेखी कळवावे. एखाद्या व्यक्तीच्या खात्यात थेट पाठवलेल्या रकमेला, किंवा एनईएफटी वा आयएमपीएसने केलेल्या भरण्याला, कार्डासारखे संरक्षण नाही. म्हणून मोठी आगाऊ रक्कम मागणारा विक्रेता “कार्ड नको, खात्यावरच टाका, दोन टक्के वाचतील” असे म्हणतो, तेव्हा त्या दोन टक्क्यांच्या मोबदल्यात आपण काय सोडत आहोत याचा विचार करावा.

बँकच डिस्प्यूट नोंदवून घेत नाही किंवा उत्तर देत नाही. पुण्यात कोठे जावे?

प्रथम बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. क्रेडिट कार्डाच्या बिलातील नोंदीला कार्डधारकाने हरकत घेतल्यास बँकेने 30 दिवसांत स्पष्टीकरण द्यावे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. त्यांचा उल्लेख पत्रात अवश्य करावा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते असमाधानकारक असेल, तर cms.rbi.org.in येथे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते आणि त्यासाठी पुण्याबाहेर जावे लागत नाही. मात्र लोकपाल बँकेच्या वागणुकीचा विचार करतो, विक्रेत्याच्या नाही. “सोफा आला नाही” ही तक्रार तेथे चालणार नाही. “मी मुदतीत डिस्प्यूट दिला, बँकेने तो पुढे पाठवला नाही आणि मुदत गेली” ही चालेल.

विक्रेत्याविरुद्धचा मार्ग वेगळा आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण देणे अपेक्षित आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवरही तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने भागले नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहकाला स्वतः राहतो तेथील जिल्हा आयोगात जाता येते. म्हणजे विक्रेता गुरुग्रामचा असला तरी कोथरूडच्या ग्राहकाला पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. चार्जबॅकने मूळ रक्कम परत मिळाली असेल तर तीच रक्कम आयोगाकडे पुन्हा मागता येत नाही, परंतु झालेल्या त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च यांची मागणी करता येते.